आजारी कामगाराचा राजीनामा लिहून घेऊ नका

"आता तुझ्याने काम होणार नाही, अर्ज दे, बायकोला लावून घेऊ." दीर्घ आजारातून अपंगत्व आलेल्या कामगाराला कार्यालयात हेच ऐकवले जाते. आमच्या मते ही सरळ फसवणूक आहे.

पंजाब राज्य वीज मंडळातला एक साहाय्यक लाइनमन १९९४ साली पूर्ण आंधळा झाला. त्याने स्वतःच निवृत्ती आणि बायकोसाठी नोकरी मागितली. मंडळाने निवृत्ती मंजूर केली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. त्याला कायदा समजावून सांगणे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होते, असे न्यायालय म्हणाले.

आज तो कायदा म्हणजे दिव्यांग हक्क कायदा, २०१६, कलम २०(४). नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला, म्हणजे महापालिकेलाही, कामगाराला काढता येत नाही. आधी त्याच वेतनश्रेणीत झेपेल असे दुसरे काम द्यायचे. ते नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. म्हणून कार्यकर्त्यांनी राजीनाम्याऐवजी पर्यायी कामाचा अर्ज अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासह द्यावा आणि पोच घ्यावी.

खासगी कंत्राटदारावर मात्र हे कलम बंधनकारक नाही, आणि सफाईच्या कामात आपली माणसे नेमकी कंत्राटावरच भरली जातात.