‘डिलिव्हर्ड’ दाखवलेल्या, पण हाती न पडलेल्या पार्सलांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद, पुणे

विषय : ऑनलाइन खरेदीतील न पोचलेली पार्सले ‘पोचली’ अशी नोंद होण्याबाबत चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे अहवाल पाठविण्याबाबत

संदर्भ : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ (कलम १६ व १७), ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०

महोदय,

निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी, चाकण, तसेच भोसरी, मोशी व चिखली या पट्ट्यात राहणारे आम्ही कामगार आणि रहिवासी हे निवेदन सादर करीत आहोत. मागविलेली वस्तू घरी येत नाही, मोबाइलवर मात्र ती ‘डिलिव्हर्ड’ दिसते. तक्रार केली की, ‘आमच्या नोंदीनुसार पार्सल पोचले आहे’ असे उत्तर देऊन ती बंद केली जाते. कोणा एकाचे पैसे परत मिळवून द्यावेत, अशी आमची आपल्याकडे मागणी नाही. त्यासाठी ग्राहक आयोग आहे. ज्या पद्धतीमुळे असंख्य ग्राहकांना एकाच प्रकारचा त्रास होतो, तिची आपण चौकशी करावी, अशी आमची विनंती आहे. ग्राहकांच्या समूहाला बाधा आणणाऱ्या अशा तक्रारी जिल्हाधिकाऱ्यांकडे देण्याची तरतूद कलम १७ मध्ये असून चौकशीचा अधिकार आपणास कलम १६ ने दिला आहे.

हा प्रकार आमच्या भागात कसा घडतो, ते एका नमुन्यावरून स्पष्ट होईल. निघोज्यातील चाळीत राहणाऱ्या कामगाराने १२,००० रुपयांचा मोबाइल आगाऊ पैसे भरून मागविला, असे धरू. पत्त्यावर गट नंबर आणि घरमालकाचे नाव आहे. एकाच गटात अनेक चाळी असतात आणि एकाच मालकाच्या दोन-तीन चाळी असतात. पार्सल आले तेव्हा हा कामगार पहिल्या पाळीत आहे. अनेक कारखान्यांत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे फोन उचलला जात नाही. जेवणाच्या सुट्टीत गेटवर जाऊन त्याने उलट फोन केला, तर पलीकडून सांगितले जाते, ‘ओटीपी सांगा, पार्सल शेजारी ठेवतो.’ तो ओटीपी सांगतो. संध्याकाळी खोलीवर पाहतो तर पार्सल नाही, आणि कंपनीच्या नोंदीत मात्र ‘ओटीपी घेऊन सुपूर्द’ असे लिहिलेले असते.

या नोंदीला आधार म्हणून कंपन्या तीन गोष्टी दाखवतात. ओटीपीवरून आकडा सांगितला गेला एवढेच कळते. वस्तू हातात दिली की नाही, हे कळत नाही. जीपीएसवरून डिलिव्हरी बॉय त्या परिसरात होता हे दिसते, पण भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्यांपैकी कोणत्या दारात उभा होता, हे ठरत नाही. फोटोत बंद दार दिसते, आणि चाळीतली सगळी दारे सारखीच असतात. शिवाय हा सगळा पुरावा कंपनीच्या ताब्यात असतो. ग्राहकाला तो दाखविलाही जात नाही. उलट ‘पार्सल मिळाले नाही’ हे त्यानेच सिद्ध करावे, अशी अपेक्षा ठेवली जाते. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा तो कोठून आणणार? जी बाब विशेषतः एकाच्याच माहितीत आहे, ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर, हे तत्त्व भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १०९ मध्ये आहे. तक्रार निवारणातही तेच पाळले जावे, असे आमचे म्हणणे आहे.

यात ग्राहकाचीही काही जबाबदारी आहे, ती आम्ही मान्य करतो. कधी पार्सल वॉचमनकडे, किराणा दुकानात किंवा शेजारच्या खोलीत सापडते. कधी दिवसाचे काम पूर्ण दिसावे म्हणून नोंद आधी होते आणि वस्तू दुसऱ्या दिवशी येते. म्हणून आधी चौकशी करावी. परंतु तक्रार त्याच दिवशी, लेखी नोंदवावी. ‘डिलिव्हर्ड’ची वेळ दाखविणारा स्क्रीनशॉट घ्यावा. फोटो, जीपीएस स्थान, ओटीपीची वेळ आणि पार्सल कोणाच्या हाती दिले, हे चार तपशील मागावेत. सोसायटीत राहत असल्यास गेटवरील नोंदवहीच्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढून ठेवावा. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नये, तो ॲपमधूनच घ्यावा. हरवलेल्या पार्सलच्या नावाखाली लिंक पाठवून खाते रिकामे करणारेही टपलेले असतात. तसे झाल्यास लगेच १९३० वर कळवावे.

ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग हा मार्ग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. परंतु आयोगापुढेही अखेर प्रश्न पुराव्याचाच येतो. पाळी बुडवून तारखांना जाणाऱ्या कामगाराच्या हाती कंपनीची नोंद नसेल, तर १२,००० रुपयांसाठी तो फार काळ टिकत नाही.

पार्सल आणणाऱ्या मुलांविरुद्ध आमचा रोष नाही. त्यांच्यातले बरेच जण पार्सलमागे मिळणाऱ्या मोबदल्यावर राबतात. दोन फेऱ्या मारल्या तरी पैसे एकाच पार्सलचे, अशी स्थिती असेल, तर पार्सल दाराशी टाकून नोंद करण्याचा मोह पद्धतच निर्माण करते.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. या औद्योगिक पट्ट्यातील अशा तक्रारींची कलम १६ अन्वये चौकशी करावी. त्यासाठी ई-कॉमर्स व कुरिअर कंपन्यांकडून ‘मिळाले नाही’ अशा तक्रारी आणि त्या कोणत्या पुराव्यावर बंद केल्या, याचा पिनकोडनिहाय तपशील मागवावा.

२. वर सांगितलेले चारही तपशील तक्रारीच्या पोचेसोबत, म्हणजे ४८ तासांत ग्राहकाला द्यावेत. ते न दिल्यास पार्सल पोचले नाही असे मानून पैसे परत करावेत. यासाठी मार्गदर्शक सूचना काढण्याची शिफारस प्राधिकरणाकडे करावी.

३. फोनवर ओटीपी मागण्यास मनाई असावी आणि ‘पार्सल हातात घेतल्याशिवाय ओटीपी सांगू नका’ हे वाक्य ओटीपीच्या संदेशातच मराठीत असावे. भारतीय डाक विभागाने १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टसाठी ५ रुपये व कर एवढ्या जादा आकारात ओटीपीवर बटवड्याची सोय सुरू केली आहे. मौल्यवान वस्तू हातात देतानाच ओटीपी घेणे खासगी कंपन्यांनाही अशक्य नाही.

४. पाळीत काम करणाऱ्यांना पार्सलची वेळ निवडण्याची किंवा ते जवळच्या केंद्रातून स्वतः नेण्याची सोय द्यावी. कारखान्यांच्या गेटवर पार्सल सही घेऊन ठेवण्याबाबत उद्योगांसोबत बैठक घ्यावी.

५. पार्सल गहाळ झाल्यास चौकशीविना डिलिव्हरी कामगाराच्या मोबदल्यातून रक्कम कापली जाऊ नये.

६. तक्रार कशी करावी याचा मराठी व हिंदी फलक ग्रामपंचायती, महापालिकेची क्षेत्रीय कार्यालये आणि पोलीस ठाणी येथे लावावा.

या निवेदनावर जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेच्या पुढील बैठकीत चर्चा व्हावी आणि चौकशीची कार्यकक्षा व कालमर्यादा आम्हाला लेखी कळवावी, ही विनंती. चौकशीसाठी तक्रारदारांचे स्क्रीनशॉट आणि पत्रव्यवहार आम्ही एकत्र करून देऊ.

आपले विश्वासू,
चाकण व पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील ग्राहक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व योग्य कार्यवाहीसाठी :
१. मा. पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवड
२. मा. जिल्हा पुरवठा अधिकारी, पुणे