नाव जुळलं नाही म्हणजे माणूस खोटा नसतो

नोकरी देण्याआधी माणसाची चौकशी करण्याला माझा विरोध नाही. शाळेच्या बसवर ड्रायव्हर ठेवताना किंवा पतसंस्थेत रोखपाल घेताना चौकशी व्हायलाच हवी. माझी तक्रार चौकशीच्या रीतीबद्दल आहे. कागदात फरक दिसला की उमेदवाराला न विचारताच त्याला खोटा ठरवलं जातं, आणि हा फटका आपल्या मुलांना जास्त बसतो.

कारण साधं आहे. पुसद, दिग्रस, उमरखेड या भागात आपली नावं कशी लिहिली जातात ते पाहा. समजा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव आहे 'शेख सलीम शेख करीम'. पदवीवर 'शेख सलीम करीम' आणि आधारवर नुसतं 'सलीम शेख'. इंग्रजीत शेखचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी होतं, ते वेगळंच. पुण्या-मुंबईच्या पडताळणी कंपनीच्या फॉर्मात मात्र तीनच चौकटी असतात: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपलं नाव त्यात बसत नाही, मग अहवालात 'तफावत' असा शेरा येतो आणि फाईल बंद होते.

ही तफावत सोडवायला फारसा वेळ लागत नाही. जन्मतारीख आणि आईचं नाव ज्या ज्या कागदांवर आहे तिथे जुळतं का ते पाहायचं. पदवीसाठी परीक्षेचं वर्ष आणि आसन क्रमांक देऊन अमरावती विद्यापीठाकडून खात्री करायची. ते जुळलं तर नावातला फरक लिहिणाऱ्या बाबूचा आहे, उमेदवाराचा नाही. विद्यापीठाच्या नोंदीत तो आसन क्रमांकच सापडला नाही, तर मात्र प्रश्न गंभीर आहे. तरीही आधी उमेदवाराला लेखी कळवावं, चार-आठ दिवस द्यावेत, उत्तर वाचावं आणि मग निर्णय घ्यावा.

कोर्टाच्या नोंदींचंही असंच होतं. ई-कोर्टवर 'शेख सलीम' टाकलं तर भाराभर खटले निघतील. वडिलांचं नाव, वय, पत्ता आणि पोलीस ठाणं जुळल्याशिवाय त्यातला एकही खटला या मुलाचा म्हणता येत नाही. खटला त्याचाच निघाला, तरी तो कशाचा होता आणि निकाल काय लागला हे पाहावं लागतं.

यावर सर्वोच्च न्यायालयाने 21 जुलै 2016 रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात नीट सांगून ठेवलं आहे. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हे पहिलं. पण लपवाछपवीचा ठपका ठेवायचा तर फॉर्ममध्ये प्रश्न नेमका विचारलेला हवा आणि उमेदवाराला ती गोष्ट माहीत असायला हवी. तरुणपणी घोषणा दिल्याचा किंवा तसाच किरकोळ गुन्हा लपवला गेला, तर नोकरी देणाऱ्याला ते सोडून देता येतं. हा निकाल सरकारी नोकरीबद्दल आहे, पण खाजगी संस्थाचालकालाही यापेक्षा चांगलं माप कुठे मिळणार?

आता जुन्या मालकाला फोन करण्याबद्दल. कधीपासून कधीपर्यंत होता, काम काय होतं, का सोडलं, पुन्हा घ्याल का, एवढं विचारा. तो "माणूस बरा नाही" म्हणाला, तर काय घडलं ते विचारा. घटना सांगता येत नसेल तर ते मत धरू नका. सध्या जिथे नोकरी आहे तिथे उमेदवाराच्या परवानगीशिवाय फोन करू नका, हातातली नोकरीही जाते. आणि कोणत्या मोहल्ल्यात राहतो, जुम्म्याला सुट्टी मागतो का, मुलगी असेल तर बुरखा घालते का, लग्न कधी करणार, या प्रश्नांचा कामाशी काय संबंध? जो प्रश्न तुम्ही देशमुखांच्या मुलाबद्दल विचारत नाही, तो शेखांच्या मुलाबद्दलही विचारू नका.

दोन शब्द आपल्या लोकांनाही. "केस होती ते लिहू नकोस, कोण बघतंय" असा सल्ला देणारे चाचा प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांचं ऐकू नका. सुटलेला खटला सांगितला तर त्यावर बोलता येतं. लपवलेला सापडला तर मूळ खटला बाजूला राहतो आणि लपवणं हाच गुन्हा ठरतो. नावातला फरक असेल तर अर्जासोबतच एक प्रतिज्ञापत्र जोडा, जमल्यास राजपत्रात नाव एकसारखं करून घ्या.

पण आपण कागद नीट केले म्हणून समोरच्याची जबाबदारी संपत नाही. ज्याच्या हातात नोकरी आहे, त्याने शेरा मारण्याआधी उमेदवाराला एकदा विचारलंच पाहिजे.