पाहुण्याच्या हातचं बिस्किट

कुत्रा पाहुण्यांवर भुंकत असेल, तर पाहुण्याच्याच हातून त्याला बिस्किट द्यावं, म्हणजे ओळख होते, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. खेळकर कुत्र्याला ते चालतं. भेदरलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र हा सल्ला चावा ओढवून घेणारा आहे.

असं कुत्रं बिस्किट कसं घेतं ते नीट बघा. मागचे पाय मागेच रोवलेले, अंग ताणलेलं, मान तेवढी पुढे. खाण्याच्या ओढीने ते एरवी गेलं नसतं इतकं जवळ जातं. घास संपला की त्याच्या ध्यानात येतं, आपण अनोळखी हाताच्या अगदी टप्प्यात आहोत. नेमका तेव्हाच पाहुणा कौतुकाने डोक्यावर हात ठेवायला जातो.

आमची चंपी बांधकामाच्या जागेवरून आली तेव्हा पूर्ण वाढलेली होती. पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात त्याच्या मेंदूत माणसांची ओळख पक्की होते. तो काळ माणसांशिवाय गेला, तर कोणी कधी मारलेलं नसतानाही अनोळखी माणूस म्हणजे संकट, असं कुत्र्याला आयुष्यभर वाटू शकतं. चंपीचं गुरगुरणं हे ‘लांब राहा’ एवढंच सांगणं आहे. त्यासाठी आम्ही तिला कधीच रागवत नाही. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं भ्यायचं थांबत नाही, फक्त इशारा द्यायचं थांबतं.

गेल्या गणपतीनंतर मामा आले, तेव्हाचं सांगते. बेल न वाजवता खालून फोन करा, असं त्यांना आधीच कळवलं होतं. फोन येताच चंपी आतल्या खोलीत गेली, दाराला कडी लागली. आत तिला चाटत बसायला रबरी खेळण्यात भरून गोठवलेला दहीभात होता. मामा बसले, पाणी झालं, गप्पा रंगल्या. आतून भुंकणं थांबून ती शांत झाल्यावरच तिला बाहेर आणलं, पट्ट्यावर आणि तोंडाला जाळीची मुसकी घालून. ही मुसकी सैल असते, तिच्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळून धरणारी कापडी पट्टी या कामाची नाही. आणि मुसकीची सवय पाहुणे येण्याच्या कितीतरी आधी, आत खाऊ ठेवून, हळूहळू लावावी लागते.

“अगं, मला कुत्र्यांची सवय आहे, सोड तिला,” मामा म्हणाले.

“मामा, तुम्ही फक्त बसा. तिच्याकडे बघू नका, हाक मारू नका.”

खोलीच्या दुसऱ्या टोकाला मी तिच्याजवळ उभी राहिले. तिने मामांकडे पाहिलं की उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा मीच द्यायचा. मग मामांनी एक तुकडा तिच्या मागच्या बाजूला टाकला. तो घ्यायला ती वळून लांब गेली. खाऊही मिळाला आणि अंतरही वाढलं. हातून बिस्किट देण्यात आणि यात हाच फरक आहे.

ती खात होती तोवर ठीक होतं. आवडता तुकडा नाकारला, सारखी जीभ ओठांवरून फिरवली, तोंड वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला, की तिला आत न्यायचं. अंग एकदम ताठ करून ती जागच्या जागी थिजली, तर त्यानंतर वेळ उरत नाही. म्हणून आम्ही तिथवर जाऊच देत नाही. मामा उठायच्या आधी चंपी आत गेली. बसलेल्या माणसाला सरावलेलं भित्रं कुत्रं तो उठून पाठमोरा चालू लागला की मागून पोटरीला धरू शकतं. निरोपाची वेळ दारात येण्याच्या वेळेइतकीच जपायची असते.

लहान मुलं आली असतील किंवा आरतीला घर भरलं असेल, तर ही भेट करायचीच नाही. दिवसभर कडी. चंपी पुढेही सगळ्यांची लाडकी होणार नाही, आणि तशी अपेक्षा मी ठेवलेली नाही. कुत्र्याचं वागणं अचानक बिघडलं तर आधी पशुवैद्यांकडून दुखणं तपासून घ्या. कान, दात, सांधे. भीती फार असेल तर औषधांचीही मदत होते. आणि एवढं करूनही दात लागलाच, तर कुत्र्याला लस दिलेली असली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पाहुण्यांना माझी विनंती आहे. अशा घरी जाताना आधी फोन करा, आणि आतल्या खोलीचं दार बंद दिसलं तर ‘सोडा हो त्याला, मला काही करत नाही’ असा आग्रह धरू नका.