शेकडा साडेतीन

जानेवारी २००८ चा पहिला रविवार. ऑफिसची आमची पाच जणांची गँग बल्लाळेश्वराच्या दर्शनाला पालीला गेली होती. वाकण फाट्यावर मिसळ, मागच्या धुंडी विनायकाला आधी नमस्कार, मग बल्लाळेश्वर, असा रीतसर कार्यक्रम झाला. बाकीचे सरसगडाकडे बघत ‘चढायचा का, नको चढायचा’ करत बसले आणि मी मामाकडे चहाला गेलो. मामाचं देवळाजवळ किराणा दुकान आहे आणि वर यात्रेकरूंना द्यायच्या तीन खोल्या.

माझ्या डोक्यात त्या दिवशी एकच विषय होता. पहिला मोठा बोनस आला होता, दोन लाख, आणि सेन्सेक्स एकवीस हजारांच्या उंबरठ्यावर होता. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये शेअर न घेतलेला माणूस म्हणजे मोबाइल नसलेला माणूस, असे ते दिवस. मी ठरवून टाकलं होतं की सगळे पैसे निफ्टीच्या इंडेक्स फंडात टाकायचे. मामाला अभिमानानं सांगितलं, तर तो त्याचंच दुखणं घेऊन बसला. शेजाऱ्याला त्याच्या तीन खोल्या विकायच्या होत्या. मागत होता वीस लाख.

‘माघी, भाद्रपद, अंगारकी आणि शनिवार-रविवार धरले, चादरी-धुलाई, लाइट आणि पोऱ्याचा पगार काढला, तर वर्षाला सत्तर हजार हातात राहतात,’ मामा म्हणाला. ‘वीस लाखांवर सत्तर हजार म्हणजे शेकडा साडेतीन. सरकारला पैसे दिले तर आठ मिळतात. मी कशाला चादरी धूत बसू?’

आणि त्यानं खरंच तेव्हा मिळणारे रिझर्व्ह बँकेचे आठ टक्क्यांचे बचत रोखे घेतले. सहा वर्षांचे, दोन लाखांचे. मी मंगळवारी, ८ जानेवारीला, फंडात पैसे भरले. मामा जुन्या वळणाचा, असं मनात म्हणालो होतो, हे कबूल करतो.

मामानं खोल्यांचं जे केलं, तेच शेअर बाजाराचं करता येतं आणि त्याला एक भारदस्त नाव आहे: अर्निंग्ज यील्ड. पीई रेशो तुम्ही ऐकलेला असतोच. निफ्टीचा पीई २८ म्हणजे त्यातल्या कंपन्यांच्या वर्षाच्या एक रुपया नफ्यासाठी तुम्ही २८ रुपये मोजताय. हे उलटं करा, १०० भागिले २८, की शेकडा साडेतीन येतात. शंभर रुपयांच्या शेअरमागे कंपन्या साडेतीन रुपये कमावतायत. (ते सगळे तुमच्या हातात येत नाहीत. थोडे डिव्हिडंड म्हणून मिळतात, बाकीचे कंपनी धंद्यात घालते.) आता हा आकडा दहा वर्षांच्या सरकारी रोख्याच्या व्याजाशेजारी ठेवायचा. सरकार पैसे बुडवत नाही, त्यामुळे तो झाला आपला ‘चादरी न धुता मिळणारा’ परतावा. अमेरिकेत एड यार्डेनी या अर्थतज्ज्ञानं १९९७ मध्ये या तुलनेला ‘फेड मॉडेल’ असं नाव दिलं, कारण तिथल्या फेडरल रिझर्व्हच्या एका अहवालात अशीच तुलना होती. मामानं यार्डेनी वाचलेला नव्हता.

८ जानेवारी २००८ ला निफ्टी ६,२८८ च्या आसपास बंद झाला आणि त्याचा पीई होता २८.३. म्हणजे शेकडा साडेतीन, अगदी शेजाऱ्याच्या खोल्यांइतके. दहा वर्षांचा सरकारी रोखा साडेसात ते पावणेआठ टक्क्यांच्या दरम्यान होता. म्हणजे सरकार देत होतं त्याच्या निम्म्याहून कमी कमाईसाठी मी रांगेत उभा होतो.

इथे तुम्ही म्हणाल, रोख्याचं व्याज गोठलेलं असतं, खोलीचं भाडं वाढतं. बरोबर, आणि सगळा खेळ या एका मुद्द्यावरच आहे. आज तीनशेला जाणारी खोली पाच वर्षांनी पाचशेला जाईल. महागाई वाढली की साबणाचा भाव वाढतो आणि साबणवाल्या कंपनीचा नफाही वाढतो, रोख्याचं व्याज मात्र आहे तिथेच राहतं. म्हणून शेअरचा आकडा रोख्यापेक्षा कमी असणं आपल्याकडे नेहमीचंच आहे. नुसता कमी दिसला म्हणून ‘बाजार महाग’ अशी बोंब मारायची नाही. प्रश्न असा विचारायचा: किती कमी? आणि ती दरी भरायला नफा किती वर्षं, किती वेगानं वाढावा लागेल?

गणित करून बघू. साडेतीन रुपये दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढले तर आठ व्हायला जवळपास नऊ वर्षं लागतात. म्हणजे नऊ वर्षं एकही मंदी न येता नफा वाढत राहिला, तर माझे शंभर रुपये तितकं कमावू लागणार होते जितकं मामाचे शंभर रुपये पहिल्याच वर्षी कमावत होते. हा हिशेब कॅन्टीनमध्ये कुणी केला नाही. मीही नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २७ ऑक्टोबर २००८ ला निफ्टी २,५२४ वर बंद झाला. माझ्या दोन लाखांचे ऐंशी हजार उरले. पण मला नंतर जास्त बोचलं ते वेगळंच. जानेवारीच्या किमतीला पीईनं भागा, निफ्टीचा नफा येतो साधारण २२२ रुपये. ऑक्टोबरच्या किमतीला तेव्हाच्या १०.७ या पीईनं भागा, येतात २३६. म्हणजे त्या दहा महिन्यांत कंपन्यांचा नोंदलेला नफा घटला नव्हताच, कोसळली ती फक्त किंमत. तोच माल आता शेकडा सव्वानऊच्या वर कमावत होता, रोखा साडेसातच्या आसपास. शेअर रोख्यापेक्षा जास्त देतोय, वर वाढ फुकटात! असे दिवस फार क्वचित येतात. २००३ च्या उन्हाळ्यात असाच होता, तेव्हा रोखा सहाच्या आसपास आणि शेअरची कमाई नऊच्या वर होती. त्यानंतर आठेक महिन्यांत निफ्टी दुप्पट झाला.

ऑक्टोबर २००८ मध्ये मी काय केलं? काही नाही. नोकरी टिकेल की नाही, या काळजीत होतो. आणि खरं सांगायचं तर घेतले असते तरी लगेच काही घडलं नसतं. ९ मार्च २००९ ला सेन्सेक्स ऑक्टोबरच्या त्या नीचांकी बंदपेक्षाही खाली होता. हे माप भाव सांगतं, तारीख सांगत नाही.

सहा वर्षांनी, जानेवारी २०१४ मध्ये, मामाचे रोखे पिकले. व्याज त्यातच जमा होत गेल्यानं दोन लाखांचे तीन लाख वीस हजार झाले, त्यावर अर्थात टॅक्स. त्याच आठवड्यात निफ्टी ६,२०० च्या खालीच होता, मी घेतला त्याहीपेक्षा किंचित कमी. डिव्हिडंड धरून माझे दोन लाख आणि वर थोडंसं. बरं, कंपन्या झोपल्या होत्या म्हणावं, तर तसंही नाही. त्या सहा वर्षांत निफ्टीचा नफा साधारण दीडपट झाला होता. त्यांनी कमावलेली सगळी वाढ मी सुरुवातीला मोजलेल्या जादा किमतीनं गिळली. याउलट ऑक्टोबर २००८ मध्ये ज्यानं हिंमत केली, त्याच्याकडे सहा वर्षांनी तिपटीहून जास्त होतं. तोच फंड, त्याच कंपन्या, रोख्याचा दरही जवळपास तोच.

रोज दोन आकडे भागत बसायचा कंटाळा येत असेल तर एक सोपी युक्ती आहे. पीईला रोख्याच्या दरानं गुणा आणि शंभरानं भागा. उत्तर एक आलं तर शेअर आणि रोखा बरोबरीत. जानेवारी २००८ ला ते दोनाच्या थोडं वर होतं, ऑक्टोबरमध्ये ०.८. फेब्रुवारी २००० मध्ये, आयटी शेअरच्या धुंदीत, पीई २८ च्या वर आणि रोखा दहा टक्क्यांच्या वर, म्हणजे पावणेतीनच्याही पुढे. सप्टेंबर २००१ पर्यंत सहा हजारांचा सेन्सेक्स २,६०० वर आला. निफ्टीचा पीई एनएसईच्या साइटवर रोज मिळतो आणि रोख्याचा दर पेपरच्या अर्थविषयक पानावर.

पण आता या मापाची फजिती ऐका, कारण मी एकदा मामाचा चेला झाल्यावर तीही झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये निफ्टी पंधरा हजारांवर होता, पीई चाळीसच्या वर, रोखा सहाच्या आसपास. उत्तर २.४. म्हणजे २००८ पेक्षाही महाग! मी सगळ्यांना ‘थांबा’ म्हणून सांगत सुटलो. ऑक्टोबरपर्यंत निफ्टी अठरा हजारांवर गेला. चूक कुठे झाली? पीईत मागच्या चार तिमाहींचा नफा असतो आणि त्यात लॉकडाउनची तिमाही बसलेली होती. देऊळ बंद असताना मामाच्या खोल्यांनी एक रुपया कमावला नव्हता. त्या वर्षाच्या हिशेबावरून खोल्यांची किंमत कुणी ठरवली असती का? शिवाय तोवर एनएसई पीई काढताना मुख्य कंपनीचा स्वतंत्र नफाच धरायची. मार्च २०२१ अखेर तिनं उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात केली, आणि किंमत तीच असताना पीई चाळीसवरून तेहतीसच्या आसपास आला. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे सरळ एकमेकांशेजारी मांडू नका. आणि पीई अचानक फुगलेला दिसला तर आधी बघा, किंमत वाढलीय की नफा तात्पुरता खड्ड्यात गेलाय.

मामाला आता रोखे घ्यायला बँकेत जावं लागत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर दहा हजारांपासून सरकारी रोखे थेट घेता येतात, खातं मीच उघडून दिलं. २०१४ मध्ये पिकलेल्या पैशांत थोडी भर घालून त्यानं गच्चीवर चौथी खोली बांधली. तिचं शेकडा किती सुटतं, हे मी दरवेळी विचारतो. तो चहा घे म्हणतो.