‘धर्म शिकवा’ आणि ‘धर्माबद्दल शिकवा’

शाळेत धर्मांबद्दल शिकवावं का, आणि शिकवायचं तर कसं? युवा संसदेच्या तयारीत आमच्या पाच जणांच्या ग्रुपकडे हा विषय आला. चार पानांचा पोझिशन पेपर लिहायचा होता. आम्हाला वाटलं, एका रात्रीचं काम. पहिला ड्राफ्ट खरंच एका रात्रीत झाला आणि त्यातलं मुख्य वाक्य असं होतं : ‘शाळांमध्ये सर्व धर्मांची चांगली तत्त्वे शिकवावीत, जेणेकरून विद्यार्थ्यांत सर्वधर्मसमभाव रुजेल.’

वाचायला छान ना? पण तुम्ही स्वतःला त्या सरकारी अधिकाऱ्याच्या जागी ठेवा, ज्याला हे वाक्य वाचून सोमवारी काहीतरी करायचंय. ‘चांगली’ कुणी ठरवायची? ‘सर्व’ म्हणजे किती, आणि आठवड्याच्या किती तासांत? शिकवणार कोण, गणिताच्या मॅडम की बाहेरून बोलावलेले महाराज? या वाक्याला कुणीच विरोध करणार नाही, आणि हाच त्याचा दोष आहे. भूमिका मांडली की कुणाचा तरी विरोध ओढवतो. आमच्या वाक्याने तो ओढवला नाही, कारण त्यात भूमिकाच नव्हती.

तर सुरुवात कुठून करायची? माझं मत : संविधानाच्या कलम २८ पासून. ते छोटं आहे, नीट वाचा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत ‘धार्मिक शिक्षण’ देता येणार नाही, असं ते म्हणतं. एखाद्या ट्रस्टने किंवा देणगीतून धार्मिक शिक्षणाच्या अटीवर उभी केलेली पण सरकार चालवत असलेली संस्था हा अपवाद. आणि सरकारी मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण असेल, तर विद्यार्थ्याच्या, आणि तो सज्ञान नसेल तर पालकाच्या, संमतीशिवाय त्याला तिथे बसवता येणार नाही.

आमच्यातला एक जण इथेच म्हणाला, ‘मग संपलं की! बंदीच आहे.’ बंदी आहे, पण कशावर? इंग्रजी मजकुरात शब्द आहे ‘इन्स्ट्रक्शन’. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी हा फरक स्पष्ट केला होता. एखाद्या धर्माचे सिद्धांत खरे मानायला शिकवणं ही एक गोष्ट, आणि त्या धर्माचा अभ्यास किंवा त्यावर संशोधन ही पूर्ण वेगळी गोष्ट. पुढे १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने शाळांसाठी हाच फरक मांडला. एका धर्माचं शिक्षण देणं धर्मनिरपेक्ष सरकारला शक्य नाही, पण बहुधर्मीय लोकशाहीत सगळ्या धर्मांविषयीचा सहिष्णू अभ्यास हवा, असं आयोगाचं म्हणणं होतं. १९९९ मध्ये आपल्या नांदेडच्या शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने मूल्यशिक्षणावरच्या अहवालात धर्मांची मूलभूत ओळख करून द्यावी, असं सुचवलं. त्याचा आधार घेऊन २००० चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. ‘अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात २००२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की धर्मांचा अभ्यास कलम २८ मध्ये बसतो. पण त्याच निकालात हेही बजावलं की धार्मिक शिक्षण आणि धर्मांचा अभ्यास यांच्यातली रेषा फार बारीक आहे आणि एकाच्या नावाखाली दुसरं घुसू नये याची काळजी घ्यावी लागेल.

म्हणजे ‘शिकवता येईल का?’ याचं उत्तर तयार आहे : हो. पेपरचा खरा जीव आहे त्या बारीक रेषेत. आणि ती रेषा ओलांडताना बहुतेकांना आपण ओलांडतोय हे कळतच नाही. यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेलं उदाहरण नॉर्वेचं आहे.

नॉर्वेने १९९७ मध्ये शाळांत एक नवा सक्तीचा विषय आणला. नाव लांबलचक, आशय असा : ख्रिस्ती धर्म, इतर धर्म आणि जीवनदृष्टी यांची ओळख. हेतू चांगला होता, सगळी मुलं एकत्र बसून एकमेकांबद्दल शिकतील. पण धर्म न मानणाऱ्या काही पालकांनी तक्रार केली आणि प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं. २००७ मध्ये नऊ विरुद्ध आठ अशा निसटत्या बहुमताने नॉर्वे हरला. का हरला, ते बघा. ख्रिस्ती धर्माला जास्त तास दिले म्हणून नाही. त्या देशाचा इतिहास पाहता ते चालेल, असं न्यायालय म्हणालं. गोची दुसरीकडे होती. मुलांना ख्रिस्ती आणि नैतिक संस्कार देण्यात घराला हातभार लावणं, असा शाळेचा उद्देशच कायद्यात लिहिलेला होता. वर्गात प्रार्थना म्हणणं, स्तोत्रं गाणं, धार्मिक मजकूर पाठ करणं यांनाही जागा होती. बाकी धर्म ‘बाहेरून’ शिकवले जात होते, हा एक मात्र ‘आतून’.

शिवाय सूट होती ती अर्धवट. पालकांनी कुठला धडा कधी आहे यावर लक्ष ठेवायचं, आणि कुठल्या भागातून सूट हवी ते सांगायचं. आता सांगा, असा अर्ज लिहिताना घरी आपण काय मानतो हे शाळेला कळणारच ना? गुप्त राहण्याचा हक्क असलेली गोष्ट अर्ज भरून उघड करायची!

नॉर्वेचं वाचल्यावर आमच्या ग्रुपमध्ये जोरात भांडण झालं. एक मैत्रीण म्हणाली, सूट देणारं कलम घालायलाच हवं, ते अल्पसंख्याक मुलांचं संरक्षण आहे. माझं म्हणणं उलटं होतं आणि आजही आहे. धडा खरंच ‘धर्माबद्दल’ असेल तर भूगोलातून जशी सूट लागत नाही तशी यातूनही लागू नये. पेपर लिहिताना सूट देण्याची गरज वाटायला लागली, तर तो इशारा समजा : कुठेतरी आपण ‘शिकवा’वरून ‘घडवा’वर घसरलोय. मागे जाऊन तो परिच्छेद शोधा. हां, कृतींची गोष्ट वेगळी. प्रार्थनास्थळाची भेट, तिथे हात जोडणं, डोकं झाकणं, प्रसाद घेणं, यात शरीर सामील होतं. तिथे कारण न विचारता ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. आम्ही शेवटी तसंच लिहिलं. मैत्रीण अजून पूर्ण पटलेली नाही.

मग पाठ्यपुस्तकातलं वाक्य कसं असावं? हा भाग तुम्ही पेपरमध्ये नमुन्यासकट द्याच. ‘येशू देवाचा पुत्र आहे’ हे झालं धार्मिक शिक्षण. ‘ख्रिस्ती लोक येशूला देवाचा पुत्र मानतात, मुस्लीम त्यालाच ईसा या नावाने पैगंबर मानतात’ हा झाला अभ्यास. सोपं वाटतं, पण फसगत आपल्या स्वतःच्या धर्मापाशी होते. आमच्याच ड्राफ्टमध्ये एका ओळीत ‘विठ्ठल भक्तासाठी विटेवर उभा राहिला’ असं सरळ विधान होतं आणि तिसऱ्या ओळीत ‘मुस्लीम असे मानतात की…’ एकाचं ते सत्य, दुसऱ्याची ती समजूत! पाचपैकी चौघांना काही खटकलं नाही. खटकलं ते पाचव्याला, ज्याच्या घरी ईद असते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक परिच्छेदात धर्मांची नावं अदलाबदल करून वाचायला लागलो. अदलाबदलीनंतर वाक्य विचित्र वाटलं, तर ते आधीपासूनच तिरकं होतं.

दुसरी फसगत त्या ‘चांगली तत्त्वे’ची. हिंदू धर्मावरच्या धड्यात फक्त सहिष्णुता आणि संतवाणी असेल आणि १९३० चा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह नसेल, तर ज्या मुलाच्या पणजोबांना त्या देवळात प्रवेश नव्हता, त्याला शाळा काय सांगतेय? १९५६ मध्ये नागपूरला लाखो लोकांनी बौद्ध धम्म का स्वीकारला, हे त्या धड्यातून कळणारच नाही. तोच न्याय सगळ्यांना. इस्लामवरचा धडा नमाज-रोजांवर थांबला आणि १९७० मध्ये हमीद दलवाईंनी पुण्यात स्थापन केलेलं मुस्लीम सत्यशोधक मंडळ त्यात आलं नाही, तर मुस्लीम समाजात आतून वाद झालेच नाहीत असं चित्र उभं राहतं. धर्माला एकच चेहरा नसतो. वसईचे कॅथलिक आणि अहिल्यानगरकडचे प्रोटेस्टंट दोघंही मराठी ख्रिस्ती, पण उपासना वेगळी. आणि काहीच न मानणारे? त्यांच्यासाठी परिच्छेद ठेवायचं आम्ही चक्क विसरलो होतो.

आमची शिफारस अखेर अशी झाली : वेगळा विषय नको, वेगळं पुस्तक नको. आठवी ते दहावीच्या इतिहास-नागरिकशास्त्रातच धर्मांचे घटक असावेत. त्या त्या धर्मातल्या जाणकारांनी मसुदा वाचावा, पण शेवटचा शब्द इतिहासाच्या अभ्यासकांचा असावा. शिकवणारे नेहमीचे शिक्षकच, बाहेरचे धर्मगुरू नकोत. परीक्षेत ‘तुम्हाला काय वाटते’ प्रकारचा प्रश्न नको, कारण श्रद्धेला गुण देता येत नाहीत आणि मुलं गुणांसाठी हवी ती श्रद्धा लिहितील.

एक भोक मात्र आमच्या पेपरात राहिलंय आणि ते लपवण्यापेक्षा आम्ही ‘मर्यादा’ या शीर्षकाखाली लिहून टाकलं. हे सगळं वर्गात नेणारा शिक्षक. बी.एड.ला त्याने हे शिकलेलं नसतं. पुस्तकातलं ‘मानतात’ वाचताना त्याने आवाजात किंचित हेल काढला, तरी चाळीस मुलांना बरोबर कळतं की सर कुणाकडे बोट दाखवतायत. त्या हेलासाठी कुठलं कलम लिहायचं, यावर पाच जणांनी दोन संध्याकाळी घालवल्या. शिक्षकांसाठी प्रशिक्षण, नमुना पाठ आणि पालकांसह तक्रार ऐकणारी शाळापातळीची समिती, एवढंच सुचलं. तुमच्या ग्रुपला आणखी काही सुचलं, तर आमच्या ड्राफ्टमध्ये ती जागा अजून रिकामी आहे.