स्टिरिओ की मोनो? रेकॉर्ड बटण दाबण्यापूर्वी

आजीच्या तोंडून जुन्या ओव्या किंवा तिची पाककृती फोनवर टिपून ठेवायची आहे. रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये ‘Stereo’ दिसतं आणि वाटतं, दोन माइक म्हणजे दुप्पट चांगला आवाज. तसं नसतं.

बहुतेक फोनमध्ये एक माइक खाली चार्जिंगच्या खाचेजवळ आणि दुसरा वरच्या टोकाला असतो. दुसरा माइक अनेकदा फक्त कॉलच्या वेळी आजूबाजूचा गोंगाट कमी करण्यासाठी वापरला जातो. म्हणून दोन माइक असले तरी रेकॉर्डिंग स्टिरिओ होईलच असं नाही. याची परीक्षा सोपी आहे. फोन आडवा ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत एक ते दहा आकडे म्हणा. मग दोन्ही कानांत इअरफोन घालून ऐका. आवाज एका कानातून दुसऱ्या कानाकडे सरकला तर स्टिरिओ, मधेच राहिला तर मोनो. काही फोनमध्ये रेकॉर्डर मोनो असतो, पण व्हिडिओचा आवाज स्टिरिओ असतो. तेव्हा दोन्ही तपासा.

आजी एकटीच बोलणार असेल तर मोनो पुरेसा आहे. स्टिरिओत तिने मान वळवली किंवा हातातला फोन फिरला की आवाज डावी-उजवीकडे हलतो. शिवाय तोच आवाज दोन माइकपर्यंत किंचित पुढे-मागे पोहोचतो. पुढे कुठे ते दोन्ही एकत्र करून मोनो केले, तर काही स्वर एकमेकांना खोडतात आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं पोकळ वाटतं. इथे खरा फायदा अंतराचा आहे. फोनचं खालचं टोक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडं बाजूला ठेवा. फोन जवळ असला की आजीचा आवाज ठळक येतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. दुसरा माइक हे काम करू शकत नाही.

आता घरातलं भजन घ्या. डावीकडे पेटी, उजवीकडे तबला, मध्ये गाणारे आणि मागे टाळ. इथे प्रत्येक आवाजाची जागा वेगळी आहे, म्हणून स्टिरिओ खरोखर उपयोगी पडतो. ऐकताना पेटी आणि तबला एकमेकांत मिसळत नाहीत, वेगवेगळे कळतात. फोन मंडळींच्या समोर, दीड-दोन मीटरवर, आडवा ठेवा. एक टोक पेटीकडे, दुसरं तबल्याकडे हवं. उभ्या फोनमध्ये माइक वर-खाली येतात, मग डावं-उजवं नीट उमटत नाही. फोन हातात धरू नका, कारण बोट एका माइकवर आलं की ती बाजू दबते. तो पुस्तकांच्या आधाराने ठेवा आणि मधेच हलवू नका.

जागेचाही विचार करा. विनादाब ‘WAV’ फाइल मोनोत मिनिटाला सुमारे 5 एमबी घेते, स्टिरिओत 10 एमबी. आणि भजन शेवटी एकाच छोट्या स्पीकरवर ऐकणार असाल, तर दोन्ही बाजू तिथे एकत्रच होतील. स्टिरिओ ऐकायलाही दोन कान मोकळे हवेत.