'ऑन होल्ड' म्हणजे नक्की कोण थांबलंय?

इंटरव्ह्यू होऊन तीन आठवडे झालेत. पोर्टलवर रोज 'इन प्रोसेस' दिसतं. मग एके दिवशी तिथे 'प्रोफाइल ऑन होल्ड' येतं, आणि एचआरला फोन केला की उत्तर मिळतं, ''अपडेट आलं की कळवतो.'' पेठ वडगाव, वाठार, आष्टा या पट्ट्यातून पुण्यातल्या कंपन्यांसाठी ड्राइव्ह देणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना हे वाक्य पाठ असेल. पण तेवढ्यावर निर्णय घ्यायचे असतात: हातातली छोटी ऑफर सोडायची का, पुण्यातल्या रूमचं डिपॉझिट भरायचं का, घरच्यांना काय सांगायचं?

आधी हे लेबल येतं कुठून ते बघू. मोठ्या कंपन्या सगळे अर्ज एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात. त्यात दोन वेगळ्या नोंदी असतात. एक तुमची, म्हणजे प्रोफाइल. दुसरी त्या जागेची. रिक्रूटर तिला 'रिक्वायरमेंट' म्हणतात. आतल्या माणसाला बारीक टप्पे दिसतात: मॅनेजरचा फीडबॅक बाकी, क्लायंट राउंड बाकी, पगाराची मंजुरी बाकी. तुमच्या स्क्रीनवर मात्र बऱ्याचदा या सगळ्यांसाठी एकच शब्द येतो, 'इन प्रोसेस'. आतून कुणी टप्पा बदलला नाही, तर तो शब्द महिनोन्‌महिने तसाच राहतो. म्हणजे 'इन प्रोसेस'चा खरा अर्थ एवढाच, की तुमची फाइल अजून कुणी बंद केलेली नाही. त्यावर काम चालू आहे असं त्यातून कळत नाही.

होल्डचे तीन अर्थ

'ऑन होल्ड'मागे साधारण तीन कारणं असतात.

पहिलं, जागाच थांबलेली असते. आयटी सेवा कंपन्या बऱ्याचदा क्लायंटचा प्रोजेक्ट पक्का व्हायच्या आधीच माणसं शोधायला लागतात. प्रोजेक्ट पुढे ढकलला गेला, की रिक्वायरमेंट गोठते आणि तिच्याखालची सगळी प्रोफाइल्स होल्डवर जातात. इथे तुमच्या इंटरव्ह्यूचा काही संबंध नसतो.

दुसरं, तुम्ही बॅकअप असता. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते. त्याने नाही म्हटलं किंवा तो जॉइनच झाला नाही, तर तुमचा नंबर. म्हणून कंपनी तुम्हाला नकार कळवत नाही. हा होल्ड त्या उमेदवाराच्या जॉइनिंगपर्यंत चालतो. त्याचा नोटीस पीरियड दोन-तीन महिन्यांचा असेल, तर तुमची वाटही तेवढीच लांबते.

तिसरं, कागद अडकलेला असतो. बॅकलॉगची मार्कशीट, आधार आणि डिग्रीवरच्या नावातला फरक, किंवा एकच प्रोफाइल दोन कन्सल्टन्सींनी पाठवलेलं असणं. हे शेवटचं फार जणांच्या लक्षात येत नाही. कन्सल्टन्सीला कमिशन उमेदवार जॉइन झाल्यावर मिळतं, म्हणून तो उमेदवार कुणाचा यावरून वाद होतो आणि प्रोफाइल 'डुप्लिकेट' म्हणून अडकतं. तिन्ही कारणांत हे एकच असं आहे, जे तुम्ही स्वतः सोडवू शकता.

ऑफर लेटरनंतरचा होल्ड

ऑफर लेटर हातात आल्यावर हा प्रकार संपतो असं वाटत असेल, तर गेल्या काही वर्षांतल्या बातम्या बघा. इन्फोसिसने 2022 मध्ये ऑफर दिलेल्या सुमारे 2,000 फ्रेशर्सचं जॉइनिंग दोन वर्षांच्या आसपास लांबलं. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये यातल्या अनेकांना 7 ऑक्टोबरच्या जॉइनिंगच्या तारखा मिळाल्या. विप्रोने फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा लाखांच्या ऑफरवर थांबलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर लवकर जॉइन होण्याचा पर्याय दिला. जुलै 2025 मध्ये टीसीएसमध्ये सुमारे 600 अनुभवी उमेदवारांचं जॉइनिंग रखडल्याची तक्रार याच संघटनेने केली. ऑफर दिलेल्या सगळ्यांना घेणारच, पण जॉइनिंगच्या तारखा व्यवसायाच्या गरजेनुसार ठरतात, असं कंपनीचं म्हणणं होतं.

हे उत्तर नीट वाचा. 'बिझनेस रिक्वायरमेंटनुसार' हे शब्द अनेक लेटर ऑफ इंटेंटमध्येही असतात. नोकरी मिळेल हे कागदावर आहे, कधी मिळेल हे नाही. थोडक्यात, हा वर सांगितलेला पहिल्या प्रकारचाच होल्ड आहे, फक्त सहीशिक्क्यासकट.

मग विचारायचं काय?

''सर, काही अपडेट?'' या प्रश्नाला ''नाही'' एवढंच उत्तर येऊ शकतं. प्रश्न असा हवा की उत्तरातून तीनपैकी एक प्रकार वेगळा काढता येईल.

समजा, वडगावच्या एका मुलीचा पुण्यातल्या कंपनीत टेस्टिंगच्या जागेसाठी 4 तारखेला टेक्निकल राउंड झाला आणि 22 तारखेला 'ऑन होल्ड' दिसलं. समोरची रिक्रूटर कन्सल्टन्सीची आहे. मुलगी पहिल्यांदा विचारते, ''मॅडम, ही रिक्वायरमेंट होल्डवर आहे की फक्त माझं प्रोफाइल?'' उत्तर येतं, ''रिक्वायरमेंट चालू आहे.'' पहिला प्रकार गेला. मग ती विचारते, ''माझ्याकडून एखादं डॉक्युमेंट बाकी आहे का, किंवा प्रोफाइल डुप्लिकेट दाखवतंय का?'' उत्तर, ''नाही, तुझं सगळं क्लिअर आहे.'' तिसराही गेला. आता उरतो बॅकअप. शेवटचा प्रश्न, ''या जागेवर आधी कुणाला ऑफर गेली आहे का, आणि त्यांचं जॉइनिंग साधारण कधी आहे?'' यावर मॅडम थोडं थांबून ''पुढच्या महिन्याच्या शेवटी कळेल'' म्हणाल्या, तर उत्तर मिळालं. तिने हातातली ऑफर सोडू नये. पुढच्या महिन्याच्या शेवटी एक मेल करावा, आणि तोवर हे प्रकरण डोक्यातून काढावं.

प्रश्न फोनवर विचारा, कारण तिथे माणूस थोडं मोकळं बोलतो. पण जे ठरलं ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलवर टाका: ''आज बोलल्याप्रमाणे 30 तारखेनंतर संपर्क करते.'' नंतर रिक्रूटर बदलला तरी मेल राहतो, आणि रिक्रूटर बदलतातच.

याला मर्यादाही आहेत. कन्सल्टन्सीच्या माणसाला कंपनीचं सॉफ्टवेअर सहसा दिसत नाही. त्याच्याकडे कंपनीचा एका ओळीचा मेल असतो, कधी तोही नसतो. म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्या, ''तुम्ही कंपनीच्या पेरोलवर आहात की कन्सल्टन्सीच्या?'' त्याचं ''माहीत नाही'' हे बऱ्याचदा खरंच असतं. कंपनीचा रिक्रूटर मात्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो. तो दोनदा टाळाटाळ करत असेल, तर आपण बॅकअपवर आहोत असं धरून चाला.

आणि ''प्रोफाइल होल्डवर आहे, प्रोसेसिंगचे पैसे भरले की रिलीज होईल'' असं कुणी म्हटलं, तर फोन ठेवा. होल्डचे तिन्ही प्रकार आपण पाहिले. त्यातला एकही पैसे भरून सुटत नाही.